प्री झाली की बोलू

पुण्यात शास्त्री रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, नवी पेठेत आणि सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली राहतात. ‘प्री झाली की बोलू’ हा निरोप तिथल्या मोबाइलांवरून सतत जात असतो. कुणी आईला पाठवतं, कुणी जुन्या मित्राला, तर कुणी अशा माणसाला, ज्याच्याशी अजून काही ठरलेलं नाही, पण काहीतरी सुरू आहे हे दोघांनाही ठाऊक आहे. या तिसऱ्या माणसाचे हाल सगळ्यात जास्त. आई हक्काने फोन करू शकते आणि मित्र शिवी हासडू शकतो. पण ज्याच्याशी नातंच ठरलेलं नाही, त्याला हक्कही नाही आणि तक्रारीची सोयही नाही. तो नुसता अर्थ लावत बसतो: खरंच अभ्यास आहे, की मला टाळलं जातंय?

बाहेरून पाहिलं तर दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. मेसेज कमी होतात, उत्तरं आखूड होतात, भेट पुढे जाते. त्यामुळे बहुतेक जण मोजायला लागतात. आधी दिवसाला चाळीस मेसेज यायचे, आता चार येतात. आधी लगेच उत्तर यायचं, आता सहा तासांनी येतं. माझ्या मते या मोजणीतून काहीही कळत नाही. मेसेज किती आले यापेक्षा ते कधी आले, हे परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहिलं तर बरंच कळतं. त्यासाठी आधी ते वेळापत्रक आणि त्यातला दिवस कसा असतो, ते माहीत असायला हवं.

राज्यसेवेची तयारी करणाऱ्या मुलीचा एक साधा दिवस घेऊ. ती कॉट बेसिसवर राहते, म्हणजे एका खोलीत तीन-चार जणी. सकाळी सात-आठला अभ्यासिकेत जाते आणि ठरलेल्या खुर्चीवर बसते. मेसची वेळ सांभाळून जेवते, परत येते आणि रात्री दहाला उठते. अभ्यासिकेत फोनवर बोलायची सोय नसते. बोलायचं तर जिन्यात किंवा बाहेर रस्त्यावर यावं लागतं. खोलीवर तिघी असतात, म्हणून तिथेही मनासारखं बोलता येत नाही. परीक्षा जवळ आली की बऱ्याच जणी व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकतात, काही तर साधा बटणांचा फोन घेतात. टेलिग्राम मात्र काढता येत नाही, कारण चालू घडामोडींच्या पीडीएफ, टेस्ट सिरीजच्या आन्सर की आणि आयोगाचं नवं परिपत्रक सगळं तिथेच येतं. त्यामुळे ‘टेलिग्रामवर ऑनलाइन आहे, मला मात्र उत्तर नाही’ या तक्रारीत फारसा दम नाही.

‘रात्री अकराला रील्स पाहते, इन्स्टावर स्टोरी लाइक करते, पण माझ्या मेसेजकडे बघत नाही’ ही तक्रार जास्त बोचणारी. तिचाही अर्थ वाटतो तितका सरळ नाही. बारा तास वाचून झाल्यावर रील पाहायला डोकं लागत नाही. आवडणाऱ्या माणसाला उत्तर द्यायला मात्र लागतं. काय लिहावं, कसं वाटेल, पुढे बोलणं लांबलं तर झोपायचं कधी, हे सगळं मनात येतं आणि उत्तर उद्यावर जातं. उद्या पुन्हा तेच. तीन दिवस उलटले की इतक्या उशिरा काय लिहायचं, याचा संकोच त्यात मिसळतो. अर्थात कंटाळलेलं माणूसही असंच वागतं. म्हणून या पुराव्यावर ना आशा बांधावी, ना निकाल लावावा.

आता वेळापत्रक. राज्यसेवेचे तीन टप्पे: पूर्व, मुख्य आणि मुलाखत. यूपीएससीचंही तसंच, पण तिथे तारखा वर्षभर आधी जाहीर होतात आणि सहसा पाळल्या जातात. एमपीएससीत तारीख हलते. 2024 च्या राज्यसेवेचं उदाहरण घेतलं की कुणावर तरी जीव जडलेल्या माणसाची कशी फरफट होते, ते नीट दिसतं.

समजा, सांगलीकडच्या एका कॉलेजात एकत्र शिकलेले दोघे आहेत. तो आता हिंजवडीत नोकरीला आहे, ती नवी पेठेत राहून तयारी करते. 2023 च्या दिवाळीनंतर त्यांचं बोलणं वाढलं. दोघांनी मिळून दोन नाटकं पाहिली, रविवारी संध्याकाळी चहा ठरलेला. कुणी काही म्हटलं नव्हतं, पण त्याच्या मनात ते होतं आणि तिच्याही असावं असं त्याला वाटत होतं. फेब्रुवारीत ती म्हणाली, ‘28 एप्रिलला प्री आहे. तोवर मला जरा सोड. मग निवांत भेटू.’ त्याने सोडलं.

पण 28 एप्रिलला प्री झालीच नाही. मराठा आरक्षणाच्या नव्या कायद्यानंतर पदांचा हिशेब पुन्हा करावा लागला आणि परीक्षा पुढे गेली. ढकलत ढकलत ती 25 ऑगस्टवर आली. त्याच दिवशी आयबीपीएसचीही परीक्षा होती आणि दोन्हींना अर्ज केलेले अनेक जण होते. शिवाय कृषी सेवेची पदं याच परीक्षेत घ्यावीत, ही मागणी होती. ऑगस्टमध्ये मुलं शास्त्री रस्त्यावर रात्रभर बसली आणि आयोगाने परीक्षा पुन्हा पुढे ढकलली. शेवटी ती 1 डिसेंबर 2024 ला झाली. फेब्रुवारीत तिने मागितलेली दोन महिन्यांची सवलत अशी दहा महिन्यांची झाली.

त्याच्या बाजूने पाहा. आधी एप्रिल, मग पावसाळा, मग ऑगस्ट, मग डिसेंबर. चुकवणारं माणूस तारखा देतं ते असंच. त्याचे ऑफिसातले मित्र त्याला तेच सांगत होते आणि त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येत नाही. कारण परीक्षा पुढे जाते तेव्हा खरोखर अडकलेली मुलगी आणि सुटका हवी असलेली मुलगी, दोघींच्याही हातात तेच कारण येतं.

फरक कळतो तो तारीख हलते त्या आठवड्यात. परीक्षा पुढे गेली की अभ्यासिका दोन-तीन दिवस रिकाम्या होतात. कुणी गावी जातं, कुणी सिनेमाला, कुणी नुसतं झोपतं. पुस्तक उघडायची इच्छाच होत नाही. या दोन-तीन दिवसांत ती काय करते? परीक्षा पुढे गेल्याची बातमी त्याला तिच्याकडून कळते, की पेपरातून? ‘पुन्हा ढकलली रे, डोकं उठलंय. रविवारी अर्धा तास येते चहाला’ असा मेसेज आला, तर ठरलेली गोष्ट मोडली म्हणून तिने स्वतःहून दुसरी मांडली. ‘हो ना, गेली पुढे’ एवढंच त्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून आलं आणि भेटीचा विषयच निघाला नाही, तर ते वेगळं. बोलणं नाही म्हणून मोडतं, ते दोघींच्या बाबतीत. मोडलेलं पुन्हा जोडायला कोण पुढे येतं, हे पाहायचं.

आपल्या उदाहरणातल्या मुलीने एप्रिलमध्ये स्वतः फोन केला. सात मिनिटं बोलली, त्यातली पाच आयोगाला शिव्या घालण्यात गेली. मे महिन्यात दोनदा भेटली. ऑगस्टमध्ये आंदोलनाच्या रात्री तिने रस्त्यावरून फोटो पाठवला. सप्टेंबरपासून मात्र सगळं आटलं. आठवड्याला एखादा मेसेज, तोही त्याने केल्यावर. इथे तो पहिल्यांदा खरा घाबरला.

सप्टेंबर ते नोव्हेंबर हा काळ नुसता मोजणारा माणूस हमखास चुकीचा वाचतो. परीक्षेआधीचे अडीच-तीन महिने म्हणजे रिव्हिजन आणि टेस्ट सिरीज. दर आठवड्याला सराव पेपर आणि दर पेपरला गुण. पूर्वपरीक्षेचा पहिला पेपर शंभर प्रश्नांचा, 200 गुणांचा, दोन तासांचा. चुकीच्या उत्तराला पाव प्रश्नाचे गुण कापले जातात. टेस्टमध्ये गुण घसरले की तो आठवडा जातोच. पुढे गेलेल्या परीक्षेचा अभ्यास पहिल्या वेळेपेक्षा जड जातो, कारण तीच पुस्तकं चौथ्यांदा वाचायची असतात, वर्षभरात घरून आलेले पैसे संपत आलेले असतात आणि वय पुढे सरकलेलं असतं. मुलीच्या बाबतीत आणखी एक घड्याळ चालू असतं. ‘दोन वर्षं देतो, मग स्थळं बघू’ असं घरी ठरलेलं असतं. ती दोन वर्षं आयोगाच्या तारखेमुळे लांबत नाहीत. अशा वेळी आवडणाऱ्या मुलाशी बोलणं आनंदाचं असलं तरी त्याला अपराधाची किनार येते. त्या रविवारी दोन तास चहाला गेले आणि सोमवारच्या टेस्टमध्ये सहा प्रश्न चुकले, की मनात हिशेब जुळतोच, मग तो खरा असो वा नसो.

ताण फक्त वेळ खातो, असं आपण धरून चालतो. म्हणून मग ‘वेळ नाही’ आणि ‘रस नाही’ या दोन वेगळ्या पेट्या करतो. अमेरिकेत लिसा नेफ आणि बेंजामिन कार्नी या मानसशास्त्रज्ञांनी नवविवाहित जोडप्यांवर केलेलं काम वेगळं सांगतं. बाहेरचा ताण वाढतो तेव्हा माणसाला जोडीदाराचं वागणंच जास्त खटकू लागतं, आणि एरवी ज्याला तो समजून घेतो, त्याला समजून घ्यायची ताकद कमी पडते. लग्न झालेल्यांचं असं, तर जिथे काही ठरलेलंच नाही तिथे काय होत असेल? ‘कशी आहेस?’ हा मेसेज मे महिन्यात गोड वाटतो. तोच नोव्हेंबरमध्ये आणखी एक काम वाटतो. तिचा रस खरोखरच त्या महिन्यापुरता उतरलेला असू शकतो, आणि तो ताणामुळेच उतरलेला असू शकतो. त्यामुळे ‘ताण की रस संपला’ हा प्रश्न परीक्षेच्या आधल्या महिन्यात विचारण्यात अर्थ नाही. तिलाही त्याचं उत्तर माहीत नसतं.

मग पाहायचं काय? तिने कुणाकुणाला तोडलंय, ते. अभ्यासासाठी दार लावणारं माणूस सहसा सगळ्यांनाच बाहेर ठेवतं. मैत्रिणीच्या हळदीला जात नाही, भावाच्या वाढदिवसाला फक्त फोन करते, कॉलेजच्या ग्रुपवर महिनोन्महिने गप्प. तुमच्याशी अबोला आणि बाकी सगळीकडे हजेरी असेल, तर कारण परीक्षा नाही. मात्र इथे एक अपवाद ध्यानात ठेवायला हवा. अभ्यासिकेतली मंडळी या हिशेबात धरू नयेत. चहाच्या टपरीवर दहा मिनिटं ती ज्यांच्याबरोबर हसते, ते तिचे अभ्यासातले सोबती असतात. त्यांच्याशी बोलताना तिला काही समजावून सांगावं लागत नाही. ‘बॉर्डरवर आहे’ म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असतं. बाहेरच्या माणसाला मत्सर वाटतो तो नेमका याच टपरीवरच्या फोटोंमुळे.

दुसरं म्हणजे, जे थोडं बोलणं उरलंय ते कसं आहे. ताणातल्या माणसाचं बोलणं आखूड होतं, पण त्यात तुम्ही असता. ‘तुझ्या प्रमोशनचं काय झालं? मी विचारायचं विसरले’ हा मेसेज अकरा दिवसांनी आला तरी त्याचं वजन आहे. रस संपलेल्या माणसाचं बोलणं कधीकधी याहून लांब आणि जास्त सभ्य असतं. ‘हो, छान. काळजी घे. ऑल द बेस्ट.’ वाचताना वाईट वाटत नाही, पण त्यात पकडायला काही नसतं, पुढे न्यायला प्रश्न नसतो, आणि हेच वाक्य कुणालाही पाठवता आलं असतं.

आपल्या उदाहरणातल्या मुलाकडे नोव्हेंबरअखेर अशी सामग्री होती: एप्रिलचा तिचा फोन, मेच्या दोन भेटी, आंदोलनाचा फोटो, मग अडीच महिन्यांचा दुष्काळ, आणि त्या दुष्काळात एकदा मध्यरात्री आलेलं ‘झोपलास का?’ त्याने पहाटे ‘काय झालं?’ विचारलं, त्याला उत्तर नाही. वेळापत्रकाशेजारी ठेवलं तर हे ताणाचं चित्र आहे. जिथे जिथे परीक्षा सैल झाली तिथे ती आली, जिथे आवळली तिथे गेली. खरी कसोटी 1 डिसेंबरनंतर लागणार होती.

पेपर सुटला त्या संध्याकाळी तिचा मेसेज आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. याचा निष्कर्ष काढण्याआधी पेपर सुटल्यावर काय होतं ते सांगायला हवं. क्लासवाले त्याच संध्याकाळी आपापल्या आन्सर की टाकतात. एकेका प्रश्नाची तीन कीमध्ये तीन उत्तरं असतात. रात्रभर गुण मोजले जातात. सकाळपर्यंत प्रत्येकाची वर्गवारी झालेली असते: ‘सेफ’, ‘बॉर्डर’ किंवा ‘गेलं’. सेफवाल्यांचा आवाज फोनवरही ओळखू येतो. गेलेल्यांनाही एक प्रकारची सुटका असते. बॉर्डरवाल्यांचे हाल वेगळेच असतात. त्यांना धड मुख्य परीक्षेचा अभ्यास सुरू करवत नाही आणि धड सोडवतही नाही. त्यातून ‘कम्बाइन’, म्हणजे सहायक कक्ष अधिकारी, राज्य कर निरीक्षक, पोलीस उपनिरीक्षक यांसारख्या पदांची गट-ब परीक्षा, मागोमाग उभी असते. त्या वर्षी ती 2 फेब्रुवारीला झाली. म्हणजे ‘प्री झाली’ हे त्याच्यासाठी जितकं पूर्ण होतं, तितकं तिच्यासाठी नव्हतं. डिसेंबरचे पहिले आठ-दहा दिवस हीच काय ती मोकळीक होती.

ती मोकळीक सातव्या दिवशी त्याच्या वाट्याला आली. ती गावी जाऊन आली होती. भेटली, पण तिचं लक्ष नव्हतं. गुणांबद्दल विचारलं तर ‘बघू’ म्हणाली. लवकर निघाली. नंतर तीन आठवडे पुन्हा शांतता.

या शांततेला तिसरं नाव आहे आणि ते बाहेरच्यांना बहुतेक सुचतच नाही: लाज. गुण कमी आले की मुलं आपल्याला मानणाऱ्या माणसांपासून आधी लपतात. दूरच्या नातेवाइकाला निकाल सांगणं सोपं असतं. ज्याच्या डोळ्यांत आपण हुशार आहोत, त्याला सांगणं अवघड. पाच वर्षं पेठेत काढलेली मुलं गावच्या लग्नाला जायचं टाळतात, त्यामागे हेच असतं. ‘काय, निघाली का पोस्ट?’ हा प्रश्न कुणीतरी विचारणार. त्यामुळे अपयशानंतरचं मागे हटणं आपुलकी आटल्यासारखं दिसलं, तरी अनेकदा ते उलट असतं. कसं ओळखायचं? लाजलेलं माणूस परीक्षेचा विषय टाळतं, बाकी विषयांवर येतं. तिला निकालाबद्दल न विचारता दुसरंच काही सांगितलं, जुन्या मास्तरांची गंमत किंवा घरातलं मांजर, की ती उघडते. रस संपलेलं माणूस मांजराच्या गोष्टीवरही फक्त अंगठा दाखवतं.

आता दुसरी बाजू, कारण ‘ताणच आहे’ असं मानायला वाट पाहणाऱ्याचं मन फार उत्सुक असतं. परीक्षा हे नकाराचं सर्वात सभ्य कारण आहे. त्यात कुणाचा अपमान नाही, वाद घालायला जागा नाही, आणि समाजाचा त्याला आशीर्वाद आहे. अभ्यास करणाऱ्या मुलीला कोण दोष देणार? रॉय बाउमाइस्टर आणि सारा वॉटमन यांनी एकतर्फी प्रेमावर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला काम केलं, तेव्हा नुसतं नकार मिळालेल्यांनाच नव्हे तर नकार देणाऱ्यांनाही त्यांनी त्यांची बाजू लिहायला सांगितली. त्यातून दिसलं ते असं की नकार देणाऱ्याला काय बोलावं ते माहीत नसतं, त्याला अपराधी वाटतं, म्हणून तो मऊ आणि संदिग्ध बोलतो. आणि प्रेम करणाऱ्याला स्पष्ट नकार ऐकायचाच नसतो, म्हणून तो त्या मऊ बोलण्यातून आशा उचलतो. दोघे मिळून खरी गोष्ट झाकून ठेवतात. ‘प्री झाली की बोलू’ या निरोपात हे दोन्ही मावतं.

मुलींच्या बाबतीत या मऊपणाला आणखी एक कारण आहे, आणि ते पेठेत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. जून 2023 मध्ये सदाशिव पेठेत भर रस्त्यात एका तरुणीच्या मागे एक तरुण कोयता घेऊन धावला. ती त्याला दूर ठेवत होती, एवढंच कारण. अभ्यासासाठी तिथे राहणाऱ्या तरुणांनी मध्ये पडून तिला वाचवलं. ज्या मुलीने ती बातमी वाचली, तिने ‘मला तू आवडत नाहीस’ याऐवजी ‘आत्ता अभ्यास आहे’ म्हणणं निवडलं, तर त्यात खोटेपणा शोधू नये. समोरचा चांगला मुलगा असेलही. त्याची परीक्षा घ्यायची जोखीम तिने का पत्करावी?

म्हणून काही गोष्टींना ‘कदाचित ताण असेल’ म्हणून रफू करू नये. परीक्षा सैल पडलेल्या दोन वेळाही येऊन गेल्या आणि दोन्ही वेळा पुढाकार शून्य. भेट पुढे गेली आणि नवी वेळ तिच्याकडून कधीच आली नाही. तिच्या उत्तरांत तुमच्याबद्दल एकही प्रश्न नाही. पूर्वी ती जे खासगी सांगायची, ते आता तुम्हाला दुसऱ्याकडून कळतं. यातली एखादी गोष्ट कुठेही घडते. चारही एका वर्षात घडल्या तर वेळापत्रक बाजूला ठेवावं.

वाट पाहणाऱ्याच्या डोक्यात या काळात काय चालतं, त्याचं सगळ्यात नेमकं वर्णन डोरोथी टेनोव्ह या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1979 मध्ये एका पुस्तकात केलं. शेकडो लोकांशी बोलून त्यांना आढळलं की ही ओढ खात्रीवर वाढत नाही, अनिश्चिततेवर वाढते. थोडी आशा आणि थोडी शंका असली की माणूस दिवसभर त्याच एका विचारात राहतो. पूर्ण होकार मिळाला तर तो वेग उतरतो आणि पूर्ण नकार मिळाला तरी हळूहळू उतरतो. स्पर्धा परीक्षा म्हणजे दीड-दोन वर्षं चालणारी अनिश्चितता, तीही सरकारी. पूर्व, निकाल, मुख्य, निकाल, मुलाखत. प्रत्येक टप्प्याला नवी तारीख आणि नवी आशा. हिंजवडीतला मुलगा आयोगाचं संकेतस्थळ तिच्याइतकंच उघडत होता, यात नवल नाही. आपल्याला वाटणारी ओढ जितकी मोठी, तितकं समोरच्याचं प्रेम मोठं असेल, हा हिशेब मात्र या ठिकाणी फसतो. ती ओढ बरीचशी न कळण्यातूनच आलेली असते.

तेव्हा विचारायचं. एकदाच, आणि वेळ पाहून. परीक्षेच्या आधीचे दोन महिने नाही, निकालाचा आठवडा नाही, पेपरची संध्याकाळ तर नाहीच. उरतात ते मधले दिवस. आणि प्रश्न असा हवा की त्याला ‘अभ्यास’ हे उत्तरच होऊ शकणार नाही. ‘तुला वेळ का नाही?’ विचारलं की उत्तर अभ्यासच येणार. ‘माझ्याबद्दल काय वाटतं?’ हा फार मोठा प्रश्न, तो ताणातल्या माणसाला आणखी एक पेपर वाटतो. आपल्या मुलाने फेब्रुवारीत, कम्बाइन झाल्यावर चार दिवसांनी, साधारण असं लिहिलं: ‘मला तू आवडतेस, हे तुला कळलं असेल. तुझ्या परीक्षेच्या काळात बोलणं कमी असलं तरी माझी हरकत नाही. पण परीक्षा नसती तर तुला हे पुढे न्यायला आवडलं असतं का, एवढं सांग. नाही म्हणालीस तरी चालेल, मी पुन्हा विचारणार नाही. घाई नाही, आठवड्याभरात सांग.’

या मेसेजात परीक्षा प्रश्नातच वजा केली आहे. नकाराची वाट मोकळी आहे. उत्तराला मुदत आहे, पण धमकी नाही. ‘नाहीतर मी थांबणार नाही’ असलं काही त्यात नाही, कारण तसं लिहिलं की उत्तर तिच्या मनाचं न येता तिच्या भीतीचं येतं. फोनवर विचारलं नाही हेही बरंच. खोलीत तिघी असताना ती काय बोलणार?

उत्तरं साधारण चार तऱ्हांची येतात. ‘हो, पण आत्ता झेपत नाही’ आणि त्यापुढे काहीतरी ठोस, म्हणजे महिन्यातून एक रविवार किंवा मुख्य परीक्षेनंतरचा आठवडा, हे ताणाचं उत्तर. ‘नाही’ हे नकाराचं. ‘तू खूप चांगला आहेस, पण आत्ता मला कुठलाच विचार करायचा नाही’ हे ऐकायला अर्धं वाटलं तरी पूर्ण उत्तर आहे आणि ते नकार म्हणूनच घ्यावं. आठवडाभर, मग आणखी आठवडाभर काहीच आलं नाही, तर तेही उत्तरच.

तिने तीन दिवसांनी फोन केला. म्हणाली, ‘आवडलं असतं. पण मी तुला मेन्सनंतरचं वचन देणार नाही, कारण मेन्सनंतर मी कुठे असेन ते मलाच माहीत नाही. घरचे जूनपर्यंतच थांबलेत. तू थांबलास तर मला त्याचं ओझं होईल. तू थांबू नकोस, पण बोलणं तोडूही नकोस.’ हे चौघांपैकी कुठलंच उत्तर नाही. रस आहे, ताण आहे, आणि पुढे न नेण्याचा निर्णयही आहे. तिला तो आवडतो की नाही, याची शंका एका वर्षानंतर फिटली. त्याचा उपयोग मात्र त्याने धरला होता तो झाला नाही. तो थांबायचं की नाही हे आता त्याचं त्याला ठरवायचं आहे, आणि थांबला तर ते तिने सांगितलं म्हणून थांबलो असं त्याला पुढे म्हणता येणार नाही.

हा सगळा ठोकताळा 2024 च्या पद्धतीला धरून आहे. 2025 पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली. ऑप्शनला खूण करण्याऐवजी पानंच्या पानं उत्तरं लिहायची, नऊ पेपर, 1750 गुण, वर 275 गुणांची मुलाखत. ज्यांना पूर्वपरीक्षेत पास होण्याची थोडी तरी आशा असते, ते पेपरच्या दुसऱ्या आठवड्यापासून उत्तरलेखनाला बसतात. निकालाची वाट पाहत रेंगाळण्याचे दिवस जवळपास गेले. तारखा हलण्याचं थांबलेलं नाहीच: 2025 ची पूर्व 28 सप्टेंबरला होती, पुरामुळे 9 नोव्हेंबरला गेली. त्यामुळे मधल्या मोकळ्या दिवसांवर फार भिस्त ठेवता येणार नाही. डिसेंबरात ती आठ दिवसांत भेटली नाही, म्हणजे संपलं, असं 2024 च्या मुलीबद्दल कदाचित म्हणता आलं असतं. आताच्या मुलीबद्दल तेच म्हणायला दोन-तीन आठवडे आणखी द्यावे लागतील, आणि तेवढ्यात एकदा तरी मांजराची गोष्ट सांगून पाहावी लागेल.